दहा तासांचा दिवस

वऱ्हाडातील कापूस घरात आला की त्याची पहिली गाठ जिनाशी पडते. तेल्हारा, आकोट, खामगाव, अकोला अशा बाजारगावी दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, जिनाचा भोंगा वाजू लागतो आणि त्यानंतरचे काही महिने त्या गावाचे घड्याळ म्हणजे तो भोंगाच होऊन बसतो. जिनात सरकी आणि रुई वेगळी होते, प्रेसमध्ये रुईची गाठ बांधली जाते आणि पूर्वी ती गाठ आगगाडीने मुंबईस जात असे. एकेकाळी त्या गाठीचा बराच भाग परळ-लालबागच्या गिरण्यांत सुटत असे. म्हणजे एकाच बोंडावर दोन ठिकाणी दोन प्रकारच्या माणसांचे हात फिरत: इकडे जिनाच्या रुळापुढे कापूस सारणाऱ्या मजूर बाईचे आणि तिकडे मागापुढे उभ्या असलेल्या विणकऱ्याचे. या दोघांनी दिवसातून किती तास काम करावे हा प्रश्न कसकसा सुटत गेला, त्याची हकीकत प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे. ती सांगताना बहुतेक वेळ मुंबईतच घालवावा लागेल, कारण हा झगडा तेथे झाला. पण जिनातील बाईकडे मधूनमधून पाहिल्यावाचून त्या झगड्याचे खरे मोल कळणार नाही.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापून उभारली. पुढील तीस वर्षांत गिरण्यांची संख्या भराभर वाढली. त्या काळी गिरणीचा दिवस मोजण्यास घड्याळ लागत नसे. पहाटे हाताच्या रेषा दिसू लागल्या की इंजिन सुरू व्हावयाचे आणि अंधारून आले की बंद व्हावयाचे. त्यामुळे थंडीत हा दिवस दहा-अकरा तासांचा होई आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांचा. वर्षाची सरासरी बारा तासांच्या थोडी वर जाई. आठवड्याची सुटी नव्हती. सणासुदीला गिरणी बंद राही, आणि सुटीच्या दिवशीही यंत्रे साफ करण्यास काही कामगारांना यावे लागे. पगार महिना संपल्यावर लगेच होत नसे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्यात केव्हातरी मिळे. ही दिरंगाई वरवर क्षुल्लक दिसते, पण तिचा अर्थ असा की, कामगाराचा महिना-दीड महिन्याचा पैसा नेहमी मालकाकडे अडकलेला असावयाचा आणि त्या मुदतीपुरते त्याने वाण्याकडून उधारीवर दाणे आणावयाचे. काम सोडून जावे तर तो अडकलेला पैसा बुडावयाचा. संप म्हणजे काय हे ज्यांस समजून घ्यावयाचे असेल त्यांनी ही अडकलेली पगाराची रक्कम प्रथम ध्यानात ठेवावी.

संप मात्र त्या काळीही होत. आपल्या वऱ्हाडाच्या शेजारीच, नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, ती सुरू झाली त्याच साली, म्हणजे १८७७ मध्ये, पगाराच्या दराबद्दल संप झाल्याची नोंद आहे. पण हे संप एकेका गिरणीचे, किंबहुना एकेका खात्याचे असत. त्यांच्यामागे संघ नव्हता, मागणीचा कागद नव्हता आणि संप मोडला की त्याची आठवणही उरत नसे.

मागणीचा पहिला कागद तयार केला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, 'दीनबंधु' पत्राचे संपादक आणि काही काळ स्वतः एका गिरणीत स्टोअरकीपर होते. म्हणजे गिरणी त्यांनी आतून पाहिली होती. १८८१ साली सरकारने कारखान्यांचा पहिला कायदा केला होता, परंतु तो मुख्यतः मुलांपुरता होता: सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढाच त्याचा सारांश. मोठ्या माणसांविषयी त्यात अक्षर नव्हते. १८८४ साली या कायद्याचा फेरविचार करण्यास मुंबई सरकारने एक कमिशन नेमले, तेव्हा लोखंड्यांनी त्या वर्षीच्या सप्टेंबरात परळ भागात कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनपुढे ठेवला. अर्जातील मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या साधेपणाचे नवल वाटते. रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हावा. कामावर अपघात झाला तर बरे होईपर्यंत वेतन चालू रहावे. पंधरा तारखेची ही मागणी पाहा. पगार लवकर द्या असेसुद्धा ते म्हणत नाहीत. निदान पंधरवड्यापलीकडे नेऊ नका, एवढेच त्यांचे मागणे आहे.

याला लगेच यश आले नाही. सहा वर्षे गेली. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तिच्यात दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता साधी नव्हे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी कबूल केली. रविवार हा खंडोबाचा वार, सबब तो मोकळा असावा, अशी या मागणीची एक बाजू लोकांच्या तोंडी राहिली आहे. साताऱ्या-पुण्याकडील कामगारास ती पटकन समजण्यासारखी होती.

परंतु ही सुटी केवळ सभेने मिळाली असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. त्या वेळी विलायतेत मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानात कारखान्यांचा कडक कायदा करण्याविषयी ओरड चालविली होती, आणि तिच्यामागे हिंदी मजुराविषयीच्या दयेपेक्षा मुंबईच्या स्वस्त सुताची धास्ती अधिक होती, हे त्या काळी सर्वांस दिसत होते. याच कारणामुळे आपल्याकडील राष्ट्रीय वृत्तीची पुष्कळ पत्रे या कायद्याच्या विरुद्ध उभी राहिली. स्वदेशी धंदा मारण्याचा हा डाव आहे, असा त्यांचा आक्षेप होता. तो सर्वस्वी खोटाही नव्हता. लोखंडे व सोराबजी शापुरजी बंगाली या दोघांचा निराळेपणा असा की, मँचेस्टरचा हेतू वाईट असला तरी गिरणीतील मुलाची झोप खरी आहे, हे त्यांनी ओळखले. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी व दुपारचा अर्धा तास सर्वांस मिळाला, स्त्रियांस दिवसाला अकरा तासांची आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांस सात तासांची मर्यादा आली. प्रौढ पुरुषाच्या तासांना मात्र मर्यादा आली नाही. आपले हित पाहण्यास तो समर्थ आहे, असे सरकारचे तत्त्वज्ञान होते. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने वारले आणि त्यांची संस्थाही त्यांच्याबरोबरच निजल्यासारखी झाली.

हा निजलेपणा किती महाग पडला ते आठ वर्षांनी कळले. आतापर्यंत कामगाराच्या बाजूने एकच कडवा साथीदार होता, तो म्हणजे अंधार. मालकाची इच्छा काहीही असो, दिवस मावळला की इंजिन थांबवावेच लागे. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि हा साथीदार गेला. त्याच वेळी कापडाला मागणीही मोठी होती, आणि ज्या स्वदेशीच्या चळवळीने देशात चैतन्य आणले तिनेच गिरणीचा दिवस लांबवण्यास हातभार लावला हे कटू असले तरी खरे आहे. दिव्यांच्या उजेडात गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. त्या साली काही गिरण्यांत कामगारांनी दंगे केले. दिवे लागल्यावर काम करणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मागणी लिहून देण्यास लोखंडे नव्हते, म्हणून ती दगडांनी सांगितली गेली. वर्तमानपत्रांत ओरड झाली, एक कमिटी बसली, मग एक कमिशन बसले. कमिशनच्या बहुतेक सभासदांचे मत प्रौढ पुरुषांचे तास कायद्याने बांधू नयेत असे पडले. मद्रासचे डॉक्टर टी. एम. नायर यांनी एकट्याने भिन्न मत लिहून दिले की, तास बांधावयाचे तर सरळ बांधा, आडवळणाने नको. १९११ च्या कायद्यात अखेर कापडगिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली गेली. म्हणजे तीस वर्षांच्या चर्चेनंतर कायद्याने कामगारास जे दिले ते विजेच्या दिव्यांपूर्वी सूर्याने त्यास सरासरीने दिलेलेच होते.

बाराचे दहा झाले ते मात्र कमिशनने नव्हे. ते संपाने झाले, आणि तो प्रसंग जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत महागाई विलक्षण झाली. त्याच वेळी विलायती कापड येणे कमी झाल्यामुळे गिरण्यांना न भूतो असा नफा होऊ लागला. मालकांनी महागाईभत्ता देण्यास सुरुवात केली होती: १९१७ मध्ये मूळ पगारावर दहा टक्के, १९१८ च्या आरंभी पंधरा. ९ जानेवारी १९१९ रोजी सेंच्युरी मिलच्या कामगारांनी काम सोडले आणि थोड्याच दिवसांत मुंबईतील जवळजवळ सर्व गिरण्या बंद पडून लाखाहून अधिक माणसे रस्त्यावर आली. त्यांचा संघ नव्हता, फंड नव्हता, कोणी एक पुढारीही नव्हता. मग एवढी माणसे एका वेळी कशी उठली? याचे उत्तर गिरणगावाच्या रचनेत आहे. एका गावचे, एका तालुक्याचे लोक एका चाळीत, एका खानावळीत राहत. जॉबर त्याच मंडळींतून भरती करी. एका चाळीत पाच गिरण्यांची माणसे असत. एका गिरणीतील बातमी रात्रीच्या जेवणाबरोबर पाच गिरण्यांत पोचे. शिवाय ज्याचे घर रत्नागिरीस किंवा साताऱ्यास होते आणि घरी दोन बिघे का होईना जमीन होती, त्यास काही आठवडे गावी जाऊन तग धरता येई. संपाचा फंड तो हाच. भत्ता पंधराचा पस्तीस टक्के झाला आणि संप मिटला.

पण तासांचा प्रश्न राहिला होता. वर्षभरात महागाई आणखी वाढली. १९१९ च्या अखेरीस वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. तेथे हिंदी कामगारांच्या वतीने नारायण मल्हार जोशी गेले होते आणि तेथे हिंदुस्थानापुरती आठवड्याला साठ तासांची मर्यादा ठरली. युरोपला अठ्ठेचाळीस आणि आम्हांस साठ, हा भेद खटकण्यासारखा होता. तथापि बारा तासांच्या दिवसापुढे साठ तासांचा आठवडाही मोठा होता. २ जानेवारी १९२० पासून मुंबईच्या गिरण्या पुनः बंद पडल्या. हा संप सुमारे महिनाभर चालला आणि संपला तेव्हा दोन गोष्टी हाती आल्या होत्या: दिवस दहा तासांचा झाला, आणि भत्ता रोजाने काम करणाऱ्यास पंचावन्न टक्के व कामाच्या मापाने पगार घेणाऱ्यास पंचाहत्तर टक्के झाला.

भत्त्यात हा फरक का, याचा उलगडा तासांच्या हिशेबाने होतो. समजा, एका विणकऱ्याची बारा तासांच्या दिवसावर मूळ कमाई महिना तीस रुपये होती. पस्तीस टक्के भत्त्याने ती साडेचाळीस रुपये झाली. आता तास दहा झाले. त्यास पगार कापडाच्या मापावर मिळतो, म्हणून वेग तोच राहिला तर मूळ कमाई तीसची पंचवीसवर येणार. पंचावन्न टक्के भत्ता दिला तर पंचवीसचे पावणेएकोणचाळीस होतात, म्हणजे संप करून माणूस पावणेदोन रुपयांनी खाली येतो. पंचाहत्तर टक्के धरले तर पावणेचव्वेचाळीस होतात. तास कमी करा, अशी मागणी विणकऱ्याने केली की तो आपल्याच पगारावर कुऱ्हाड मारीत असतो. दराची मागणी तासांच्या मागणीबरोबरच बांधली नाही तर यश मिळूनही घर उपाशी राहते. १९२० च्या तडजोडीत ही गाठ नीट बांधली गेली होती. शिवाय काम सहाव्या हिश्श्याने घटले असेही नाही. बारा तासांच्या दिवसात कामगार बराच वेळ विडीला, जेवणाला, नुसते उभे राहण्याला बाहेर काढीत असे, ही तक्रार मालकांचीच होती आणि १९०८ च्या कमिशननेही ती नमूद केली होती. थकलेल्या माणसाने घेतलेली ती सक्तीची विश्रांती होती. दिवस आखूड झाल्यावर तीही आखूड झाली.

यापुढे जे झाले ते अधिक बोलके आहे. दहा तास कबूल केल्यावर मुंबईच्या मालकांच्या संघाने स्वतःच सरकारास विनंती केली की, हीच मर्यादा साऱ्या देशास लागू करावी. एकाएकी त्यांस कामगारांची कीव आली असे नव्हे. मुंबईत दहा तास आणि इतरत्र बारा, असे झाले तर बाहेरच्या गिरण्या त्यांस बुडवतील, ही भीती होती. तीस वर्षांपूर्वी मँचेस्टर जे बोलत होते तेच आता मुंबई बोलू लागली. पण त्यातूनच १९२२ चा कायदा झाला: दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तास, आणि तो वीस माणसांच्या कारखान्यापर्यंत लागू. संपाने एका शहरात जे घडले ते कायद्याने देशभर पसरले, ते या मार्गाने.

आता पगाराकडे वळू, कारण तेथे जय इतका सरळ नव्हता. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने कामगार कुटुंबाच्या खर्चाचा निर्देशांक ठेवला होता. जुलै १९१४ चा खर्च शंभर धरला तर ऑक्टोबर १९२० मध्ये तो सुमारे एकशेत्र्याण्णव होता. म्हणजे युद्धापूर्वी ज्याचे तीस रुपयांत भागे त्यास आता अठ्ठावन्न लागत. नोव्हेंबर १९२० मध्ये भत्ता आणखी वाढून रोजवाल्यास सत्तर टक्के झाला तेव्हा त्याचे तीसचे एक्कावन्न झाले. एवढे संप करूनही तो महागाईच्या सात रुपये मागेच होता. खरा फायदा पुढे झाला, आणि तो संपाने नव्हे तर भाव उतरल्याने. १९२३ मध्ये निर्देशांक एकशेचौपन्नच्या आसपास आला. खर्च सव्वासेहेचाळीस झाला आणि पगार मात्र एक्कावन्नच राहिला. युद्धपूर्व काळापेक्षा कामगाराच्या हाती पहिल्यानेच चार-पाच रुपये खरे जास्त आले.

अशी जी जास्त शिल्लक, तीवर मालकाची दृष्टी जाणारच, कारण त्याच सुमारास धंदाही मंदावला होता. गेली काही वर्षे मिळत असलेला वार्षिक बोनस १९२३ चा म्हणून देण्याचे मालकांनी नाकारले. त्यावरून १९२४ च्या आरंभी सुमारे दोन महिने संप झाला. मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लाउड यांच्या कमिटीने बोनस हा कामगारांचा हक्क ठरत नाही असे सांगितले आणि संप फुकट गेला. मग सप्टेंबर १९२५ पासून पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर झाली. वरील हिशेब पुढे चालवून पाहा: एक्कावन्नमधून साडेअकरा टक्के काढले की सव्वापंचेचाळीसच्या खाली येते. म्हणजे कपात अशी बेतलेली होती की पाच वर्षांत मिळालेले सर्व तिने जावे आणि माणूस पुनः १९१४ च्या स्थितीस किंवा तिच्याही जरा खाली यावा.

दीड लाख कामगार अडीच महिने बाहेर राहिले. पुष्कळजण कोकणात व घाटावर आपापल्या गावी गेले. जे राहिले त्यांस ना. म. जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी धान्य वाटले, आणि परदेशांतील कामगार संघांकडूनही काही पैसे आले. पण हा संप कोणत्या मुद्द्यावर सुटला ते पाहण्यासारखे आहे. हिंदी गिरण्यांच्या कापडावर लँकेशायरच्या समाधानासाठी १८९६ पासून साडेतीन टक्के जकात बसविलेली होती. ती उठवा, मग कपात मागे घेतो, असे मालक म्हणत होते. १ डिसेंबर १९२५ रोजी सरकारने ती जकात तहकूब केली, कपात रद्द झाली आणि गिरण्या सुरू झाल्या. संप कामगारांनी सोसला, त्याच्या दडपणाने जकात गेली आणि जकातीचा लाभ मालकांच्या पदरात पडला. कामगारास त्याचे होते ते परत मिळाले. तरीही हा पराभव नव्हे. १९२४ चा संप फुटला आणि १९२५ चा टिकला, यातील भेद इतकाच की दुसऱ्या वेळी मालकासही देण्यास काही वाट उरली होती. मंदीच्या धंद्यात मालाचा साठा पडून असताना केलेला संप मालकास पुष्कळदा सोयीचाच होतो. तेजीत तो असह्य होतो. १९१९-२० चे यश याच कारणाने लवकर आले.

या अनुभवातून संघ उभे राहिले. १९२६ मध्ये जोश्यांचा युनियन झाला. त्याच साली कामगार संघांचा कायदाही झाला. त्यापूर्वी संघाच्या पुढाऱ्यावर, 'तू आमच्या नोकरांस करार मोडण्यास फूस दिलीस,' अशी फिर्याद मालकास करता येत असे आणि मद्रासेत ती झालीही होती. १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत सहा महिने चालला. त्यातून गिरणी कामगार युनियन निघाला आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्याचे पन्नास हजारांवर सभासद होते. आळवे-मयेकरांपासून कम्युनिस्ट पुढाऱ्यांपर्यंतची ती हकीकत एका स्वतंत्र लेखाची आहे. एक गोष्ट मात्र येथे टाळता येत नाही. कापडखात्यात, जेथे पगार सर्वांत चांगला, तेथे अस्पृश्य कामगारास घेत नसत. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते, सबब विटाळ होतो, असे कारण सवर्ण विणकर देत. डॉक्टर आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघड केला. जे विणकर मालकाकडे न्याय मागत होते तेच शेजारच्या खात्यातील माणसास तो देण्यास तयार नव्हते. आणि अशा संघाच्या संपात त्या माणसाने पोटास चिमटा घेऊन का उभे रहावे, या प्रश्नाचे सरळ उत्तर कोणापाशी नव्हते.

आता पुनः वऱ्हाडात येऊ. वर दहा तास, अकरा तास, साठ तास असे जे आकडे आले, ते जिनात केव्हा पोचले? १८८१ च्या कायद्याने कारखान्याची व्याख्याच अशी केली होती की, जो वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालतो तोच कारखाना. जिन हंगामी, त्यातील बहुतेक त्या व्याख्येतून आपोआप सुटले. खानदेशातील जिनांविषयी १८८५ च्या कमिशनपुढे साक्षी झाल्या, त्यांत पहाटे चार-पाचपासून रात्री दहापर्यंतच्या कामाचे आणि दाट हंगामात ओळीने दिवसरात्र चालणाऱ्या कामाचे वर्णन आहे. ज्यांनी जिन पाहिला आहे त्यांस याचा अर्थ कळेल. कातड्याचा रूळ फिरत असतो, त्यावर पाते दाबलेले असते आणि बाईने मूठमूठ कापूस त्याच्यापुढे सारखा पसरीत राहावयाचे. हवेत रुईची धूळ, आणि हात अर्धझोपेत असला तरी रूळ जागा असतो.

चार महिन्यांखालील कारखाने कायद्याखाली आले ते १९११ मध्ये, आणि त्या कायद्यातही स्त्रियांना रात्री कामास लावू नये या नियमातून जिन-प्रेसला सवलत होती. १९२२ चे साठ तास जिनासही लागू झाले. पण १९३४ चा कायदा झाला तेव्हा बारमाही कारखान्यास दिवसाला दहा व आठवड्याला चौपन्न तास झाले, आणि हंगामी कारखाना अकरा व साठवरच ठेवला गेला. याचे समर्थन असे की, कापूस एकदम येतो, तो उघड्यावर पडून राहिला तर पावसाने व आगीने नासतो, आणि मजूर वर्षाचे उरलेले महिने मोकळाच असतो. यातील पहिले दोन मुद्दे खरे आहेत. तिसरा मात्र जिनातील बाई पावसाळ्यात निंदणीस कोणाच्या शेतात वाकलेली असते हे ज्यास माहीत नाही त्यानेच मांडावा. खरे कारण निराळे आहे. मुंबईचा कामगार बारा महिने एका दरवाजातून आत जातो, म्हणून तो त्या दरवाजात उभा राहून नाही म्हणू शकतो. जिनातील बाई मार्गशीर्षात येते, होळीनंतर जाते. पुढील वर्षी ती त्याच जिनात असेल असे नाही, आणि तिची जागा घेण्यास गावात दहाजणी असतात. तिने संप करावा तरी कोणाबरोबर? तिला जे मिळाले ते नेहमी दुसऱ्याच्या संपातून, कायद्याच्या हातून आणि काही वर्षे उशिराने मिळाले. १९४६ मध्ये बारमाही कारखान्यास अठ्ठेचाळीस तास झाले तेव्हा हंगामी कारखान्यास पन्नास झाले. अखेर १ एप्रिल १९४९ पासून अंमलात आलेल्या १९४८ च्या कायद्याने दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही एकच मर्यादा परळच्या विणकऱ्यास आणि तेल्हाऱ्याच्या जिनातील मजुरास सारखी लागू केली.

त्यानंतर दोन्ही ठिकाणचे चित्र पालटले. मुंबईच्या गिरण्यांत १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या घरात कामगारांनी संप केला. धंदा जुन्या यंत्रांनी आणि यंत्रमागांच्या चढाओढीने खिळखिळा झालेला होता; १९२४ ची स्थिती शतगुणित होऊन आली होती. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही आणि पुष्कळ गिरण्या त्यानंतर उघडल्याच नाहीत. इकडे जिनात दुहेरी रुळाची यंत्रे आली, कापूस आपोआप रुळापर्यंत नेणारी सोय झाली आणि ज्या बाईसाठी तासांची मर्यादा ठरली तिची रुळापुढची जागा बहुतेक ठिकाणी उरली नाही. ती आता शेतात कापूस वेचते. तेथे मजुरी वेचलेल्या कापसाच्या वजनावर मिळते, आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा तो दिवस कारखान्यांच्या कोणत्याही कायद्यात मोजलेला नाही.